विषय : मूळ खरेदीखत परत मिळणेबाबत

चौदा मे रोजी आमचं गृहकर्ज फिटलं. बँकेने त्याच दिवशी निरंक दाखला दिला आणि म्हणाली, कागदपत्रं येतील. कुठून येतील, कधी येतील, हे आम्ही विचारलं नाही. पंधरा वर्षं हप्ते भरलेला माणूस त्या दिवशी जरा हळवा असतो.

महिना उलटला तेव्हा मी अर्ज लिहिला. दोन पानी, मुद्देसूद, शेवटी शेवटी तर वाङ्मयीन. त्यात मागण्या चार : खरेदीखत द्या, इंडेक्स टू द्या, सिबिलला कळवा आणि जमल्यास गेल्या वर्षीचा व्याजाचा दाखलाही द्या. आठवड्याने व्याजाचा दाखला हातात पडला आणि मोबाईलवर निरोप आला, की आपल्या विनंतीचे निवारण झाले आहे. निवारण! आमचं खरेदीखत मुंबईच्या कुठल्या गोदामात धूळ खात पडलंय देव जाणे, आणि इकडे निवारण.

पंचवीस जूनला तणतणत शाखेत गेले. इंदिरानगरहून स्कूटर काढायची, भर पावसात पार्किंग शोधायचं, आणि आत गेल्यावर टोकन त्रेपन्न. शेजारी टोकन एक्केचाळीसवाले काका बसले होते. सत्तरीचे, खिशात दोन पेनं, मांडीवर रेक्झिनची बॅग. माझ्या हातातला अर्ज त्यांनी न विचारता घेतला आणि अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असा वाचायला लागले.

"'अत्यंत खेदाने नमूद करावेसे वाटते की...' ताई, वाटतंय तर घरी वाटू दे. इथे कशाला?"

"काका, मला चीड आलीय."

"चिडीला आवक क्रमांक मिळत नाही. तुम्ही मागितलंय काय?"

मी चारही मागण्या सांगितल्या. काकांनी वैद्याने नाडी सोडावी तसा कागद सोडला. "एका अर्जात चार मागण्या म्हणजे साहेबाला मेन्यू कार्ड दिलंत तुम्ही. तो सगळ्यात स्वस्त डिश देणार आणि बिल फाडून मोकळा होणार. व्याजाचा दाखला कॉम्प्युटरवर एका बटणात निघतो. खरेदीखताला मुंबईला माणूस हलवावा लागतो. तुम्हीच सांगा, काय दिलं असतं?"

काका सरकारी कचेरीत चौतीस वर्षं टेबलाच्या पलीकडे होते. म्हणजे हे ज्ञान आतलं. बॅगेतून कार्बन पेपर निघाला (अजून मिळतो म्हणे, मेन रोडला) आणि त्यांनी सांगितलेला मजकूर मी निमूट लिहिला :

"विषय : कर्ज फिटल्यानंतर मूळ कागदपत्रे परत मिळणेबाबत. संदर्भ : १) गृहकर्ज खाते क्रमांक. २) निरंक दाखला, दि. १४ मे. ३) कागदपत्रे जमा करून घेतल्याची बँकेची यादी. ४) रिझर्व्ह बँकेचे परिपत्रक, दि. १३ सप्टेंबर २०२३. महोदय, संदर्भ १ मधील कर्ज पूर्ण फिटले आहे. संदर्भ ३ मधील सर्व मूळ कागदपत्रे परत द्यावीत."

संपलं. मला उघडंउघडं वाटायला लागलं. "पंधरा वर्षं एकही हप्ता चुकवला नाही, हे तरी घालू का?"

"त्यांना हप्ते मिळालेत, त्यांना माहितीये. यादी जोडली का? जोडा. नाहीतर उद्या म्हणतील, इंडेक्स टू तुम्ही दिलंच नव्हतं."

परिपत्रक काकांना पाठ होतं. कर्ज पूर्ण फिटल्यापासून तीस दिवसांत मूळ कागदपत्रं परत. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला पाच हजार भरपाई. कागदपत्रं हरवली असतील तर प्रती मिळवून देण्याचा खर्च बँकेचा आणि त्यांना आणखी तीस दिवस. हे सगळं ते अशा आवाजात म्हणाले, की काउंटरवरच्या मुलीने पंखा बंद केला.

मग शिक्का. मुलगी म्हणाली, शिक्का साहेबांच्या ड्रॉवरमध्ये, किल्ली साहेबांकडे, साहेब मीटिंगला. तुम्ही ठेवून जा. मागून काका कडाडले, "पोच घेतल्याशिवाय हलायचं नाही! रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचं तर उत्तराचे तीस दिवस मोजणार कुठून? तिच्या शब्दावरून?" पाऊण तास मी हलले नाही. शेवटी शिक्का त्याच टेबलावर, टिश्यूच्या डब्यामागे सापडला. किल्लीचं काय झालं, कुणी बोललं नाही.

निघताना विचारलं, "काका, तुमचं काम?"

"माझं कुठलं काम? इथे एसी आहे."

दहा जुलैला कागदपत्रं आली. यादीप्रमाणे एकेक पान मोजून घेतलं. तेरा जूनला तीस दिवस भरले होते, वर सत्तावीस दिवस झाले. पाच हजाराने एक लाख पस्तीस हजार. साहेबांना भरपाईचं विचारलं. परिपत्रकानुसार ती त्यांनीच द्यायची, मागायची वेळच यायला नको. साहेबांनी माझा अर्ज उलटसुलट पाहिला आणि गोड हसले.

"मॅडम, यात भरपाईची मागणी दिसत नाही. त्यासाठी वेगळा अर्ज द्या."

मी मागे वळले. काकांनी पेनाचं टोपण आधीच काढलेलं होतं.