सिम बदललं की नेट स्लो? आधी प्रॉक्सीचा रकाना रिकामा करा

"सिम बदललं / पोर्ट केलं की कंपनी मुद्दाम स्लो APN टाकते!! सेटिंगमध्ये जाऊन नवीन APN बनवा. APN: fast5g.speed, Proxy: खालचा नंबर, Port: 8080, Server: www.google.com, Bearer: LTE. सेव्ह करा, स्पीड १० पट. कंपनीवाले हे कधीच सांगणार नाहीत. सगळ्या ग्रुपवर टाका."

सोलापुरातल्या निम्म्या फॅमिली ग्रुपांवर हे फिरून झालं असेल. आमच्याकडे दाजींनी टाकलं आणि जुळे सोलापूरच्या आत्याबाईंनी इमानदारीत रकाना न् रकाना भरला. म्हणून हे लिहितोय, नाहीतर असल्या फॉरवर्डला उत्तर देण्यात अर्थ नसतो.

सगळ्यात घातक ओळ प्रॉक्सीची आहे, म्हणून तिथूनच सुरुवात. बाकीच्या ओळी नुसत्या फुकट आहेत, ही मात्र नुकसान करते. एपीएनच्या, म्हणजे फोनच्या इंटरनेटची वाट ठरवणाऱ्या सेटिंगच्या, पानावर प्रॉक्सी आणि पोर्ट भरले, की फोन आपली वेबची मागणी थेट साइटकडे न पाठवता आधी त्या नंबरच्या मशीनकडे पाठवतो. ते मशीन कुणाचं, कुठल्या देशात, चालू की बंद, याचा पत्ता ना दाजींना, ना त्यांना पाठवणाऱ्याला. साधी, कुलूप नसलेली साइट उघडलीत तर तिथला माणूस सगळं वाचू शकतो, बदलूही शकतो. कुलूपवाली साइट असेल तर आतला मजकूर त्याला दिसत नाही, पण तुम्ही कुठल्या साइटवर कधी गेलात ते दिसतं. आणि ते मशीन बंद पडलं, तर तुमचं ब्राउझर नुसतं गोल गोल फिरत बसतं.

यातली खरी गंमत म्हणजे हा बिघाड ओळखायला फसवा आहे. एपीएनमधली प्रॉक्सी सगळेच ॲप मानत नाहीत. ब्राउझर आणि बरेचसे ॲप मानतात, काही ॲप तिला बाजूला सारून थेट जोडणी करतात. त्यामुळे व्हॉट्सॲपचे मेसेज धडाधड जातात, पण क्रोममध्ये रेल्वेचं पान उघडत नाही. माणूस म्हणतो, "नेट आहे, पण स्लो आहे." स्लो नाही हो, अर्धी वाट दुसऱ्याच्या दारातून जातेय. मेसेज चालतात आणि वेबपान लटकतं अशी जोडी दिसली, तर टॉवरला शिव्या घालण्याआधी एपीएनचं पान उघडून प्रॉक्सी आणि पोर्ट बघा. आपल्याकडच्या नेहमीच्या इंटरनेट एपीएनला हे दोन्ही रकाने रिकामेच लागतात. पूर्वी फोनवर वॅपची पानं बघायचो तेव्हा कंपन्यांची स्वतःची प्रॉक्सी असायची. हे रकाने त्या काळापासून राहून गेलेत. सर्व्हरचा रकानाही तसाच. तिथे गूगलचा पत्ता लिहा नाहीतर सिद्धेश्वर मंदिराचा, वेगाला काडीचा फरक पडत नाही.

आता ते `fast5g.speed`. थ्रीजीपीपी म्हणजे मोबाइल नेटवर्कचे नियम लिहिणारी संस्था. तिच्या टीएस २३.००३ या दस्तऐवजात एपीएन म्हणजे काय ते सरळ लिहिलंय. एपीएन हे नाव आहे. तुमचा डेटा कंपनीच्या कुठल्या गेटवेतून, म्हणजे दारातून, बाहेरच्या कुठल्या नेटवर्ककडे न्यायचा, ते त्या नावावरून ठरतं. नावाचे दोन भाग असतात. पहिला तुम्ही लिहिता तो, जसं `jionet`, `airtelgprs.com` किंवा `bsnlnet`. दुसरा भाग नेटवर्क स्वतः जोडू शकतं, त्याचा साचा असा:

```
mncXXX.mccYYY.gprs
```

`mcc` च्या जागी देशाचा आकडा येतो, भारताचा ४०४ किंवा ४०५. `mnc` वरून कंपनी कळते, आपल्याकडे बहुतेक वेळा सर्कलही. हे पूर्ण नाव कंपनी आपल्या आतल्या डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या यादीत, शोधते आणि गेटवेचा पत्ता काढते. या सगळ्यात वेग मागायची सोय कुठेच नाही. वेगाची कमाल मर्यादा कंपनीकडे तुमच्या नंबरच्या नोंदीत असते आणि ती तुमच्या पॅकवर ठरते. फोनमध्ये टाइप केलेलं नाव ती बदलू शकत नाही.

इथे एक अर्धसत्य मान्य करायला लागतं. कंपनीच्या नोंदीत एपीएनागणिक वेगळी मर्यादा ठेवता येते, हे खरं आहे. पण त्याच नोंदीत तुम्हाला कुठली नावं वापरायची परवानगी आहे तेही लिहिलेलं असतं. यादीबाहेरचं नाव पाठवलंत तर दोनच गोष्टी होतात. एक तर नेटवर्क ते नाव दुर्लक्षून तुमचं ठरलेलं एपीएन लावतं, म्हणजे "नवीन सेटिंग केली आणि नेट चाललं" असं वाटतं, प्रत्यक्षात काहीच बदललेलं नसतं. नाहीतर जोडणी नाकारते. नाकारण्याचा क्रमांकही ठरलेला आहे: २७ म्हणजे असलं एपीएन माहीत नाही, ३३ म्हणजे तुमच्या पॅकमध्ये ही सेवा नाही.

चुकीच्या एपीएनने नेट बंद पडण्याऐवजी हळू झाल्यासारखं खरोखर वाटतं, ते या नकारामुळेच. ४जीवर डेटाची जोडणी झाल्याशिवाय फोनची नोंदणीच पुरी होत नाही. नकार येत राहिला तर पाच प्रयत्नांनंतर फोन ४जी सोडून खालचं नेटवर्क शोधतो, आणि टायमर संपेपर्यंत पुन्हा ४जीकडे येत नाही. नियमात तो टायमर मुळात १२ मिनिटांचा आहे. खाली २जीवर कंपनीने चुकीचं नाव चालवून घेतलं, तर वर "E" दिसतं आणि पान मुंगीच्या पावलांनी उघडतं. जिओकडे खाली उतरायला २जी-३जी नाहीच, तिथे नेट सरळ गायब होतं. बाकीच्या कंपन्यांकडे मात्र असं खाली उतरून हळू होणं शक्य आहे. म्हणून नेट हळू वाटलं की आधी वरच्या पट्टीतलं अक्षर वाचा. "4G" किंवा "LTE" असून हळू असेल तर कारण वेगळं, "E" असेल तर वेगळं.

बेअररच्या रकान्यात एलटीई निवडलं की फोन ४जीला चिकटून राहतो, हा आणखी एक गैरसमज. त्या रकान्याचा अर्थ इतकाच, की ही नोंद कुठल्या प्रकारच्या नेटवर्कवर वापरायची. एलटीईच ठेवलंत आणि होटगी रोडच्या एखाद्या तळघरात फोन २जीवर उतरला, तर तिथे वापरायला एपीएनच उरत नाही, डेटा बंद. रकाना "अनस्पेसिफाइड" असू द्या.

आत्याबाईंच्या फोनमध्ये काय निघालं ते सांगतो, कारण बहुतेकांचं असंच असतं. मोबाइल नेटवर्कमध्ये जाऊन त्यांचं सिम निवडलं, एपीएनची यादी उघडली, वरच्या तीन टिंबांतून "रिसेट टु डीफॉल्ट" केलं. फोन सिमवरचा कंपनीचा आकडा वाचून त्याच कंपनीच्या नोंदी आपल्या साठ्यातून पुन्हा आणतो. जुन्या कंपनीचं एपीएन नवीन सिमला "चिकटून" राहतं ही भीती स्मार्टफोनवर म्हणूनच बहुधा फोल असते. मग विमान मोड दहा सेकंद चालू ठेवून बंद केला. क्रोम उघडायला लागलं, पण रडतखडत, आणि वर "E". म्हणजे प्रॉक्सी गेली तरी मूळ दुखणं तिथेच होतं.

ते दुखणं एपीएनमध्ये नव्हतंच. सिम बदलताना दुकानातल्या पोराने नवीन सिम दुसऱ्या खाचेत घातलं होतं, आणि नेटवर्कचा प्रकार प्रत्येक सिमला वेगळा ठेवलेला असतो. दुसऱ्या खाचेला तो २जी होता. "प्रिफर्ड नेटवर्क टाइप"मध्ये ४जी निवडल्यावर पट्टीतलं अक्षर बदललं. काही जुन्या दोन सिमच्या फोनांत ४जी एकाच खाचेला मिळतं, तिथे सिमांची अदलाबदल हाच उपाय. हे मेन्यूत सापडत नसेल तर बऱ्याच अँड्रॉइड फोनांत डायलरवर

```
*#*#4636#*#*
```

दाबल्यावर फोनची माहिती उघडते. तिथे आत्ता कुठलं नेटवर्क चालू आहे ते दिसतं.

"4G" असूनही रांगत असेल तर आजचा डेटा संपलाय का ते बघा. बऱ्याच पॅकमध्ये रोजची मर्यादा संपली की वेग ६४ केबीपीएसवर येतो. त्या वेगाने दोन एमबीचा एक फोटो उतरायला चार मिनिटांच्या वर लागतात. पोर्ट केल्यावर जुन्या कंपनीचा उरलेला पॅक नवीन सिमवर येत नाही, हेही लोक विसरतात.

"कंपनीवाले सांगत नाहीत" याला थोडक्यात उत्तर. दूरसंचार विभागाने २०२२ मध्ये सांगितल्याप्रमाणे सिम बदलून घेतल्यावर पहिले २४ तास एसएमएस येणं-जाणं बंद ठेवतात, कुणी तुमच्या नंबरचं सिम परस्पर काढलं तर ओटीपी लांबवता येऊ नये म्हणून. कंपनीकडून येणारा एपीएन सेटिंगचा मेसेज त्या दिवशी आला नाही, तर त्यात कट नाही. दुसऱ्या दिवशी बघा.

एपीएन हाताने लिहावं लागतं अशी जागा आहे, पण ती फोन नव्हे. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या युनिटमध्ये कॅमेऱ्यांसाठी सिमचा राउटर बसवलेला असतो ना, तिथे. अशा राउटरमध्ये कुणीतरी एकदा जुन्या कंपनीचं एपीएन हाताने भरून ठेवलेलं असतं. सिम बदललं तरी राउटर तेच नाव पाठवत राहतो आणि नवीन कंपनी ते नाकारते, किंवा आपलं ठरलेलं लावते. राउटरच्या पानावर जाऊन एपीएन प्रोफाइल "ऑटो" करा. ऑटो नसेल तर नवीन प्रोफाइल बनवून फक्त कंपनीचं एपीएन लिहा, युजरनेम-पासवर्ड रिकामं ठेवा, आयपीचा प्रकार `IPv4v6` निवडा, आणि जुनी प्रोफाइल डीफॉल्टवरून काढा. शेवटचं राहून गेलं, तर वीज जाऊन आल्यावर राउटर पुन्हा जुन्याच नावाने हाक मारतो आणि कॅमेरे बंद पडतात.