‘निवाडा मुळातच रद्दबातल’ या प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: “वकीलसाहेब, लेख लांबलचक, पण मुद्दा गायब. समोरच्या कंपनीने लवाद एकतर्फी नेमला असेल तर निवाडा मुळातच रद्दबातल असतो. मग तो रद्द करण्याची कारणे किती थोडी आहेत हे सांगून लहान कंत्राटदारांना कशाला घाबरवता? कंपन्यांच्या बाजूने लिहिणाऱ्यांकडून वेगळी अपेक्षा नव्हतीच. आणि स्टॅम्पबद्दल तर अक्षरही नाही.”

महोदय,

मतभेदाचे मला वावडे नाही. पण ‘कंपन्यांच्या बाजूने लिहिणारा’ हे विशेषण लावण्यापूर्वी मी आजवर कोणाची वकालतपत्रे दाखल केली याची चौकशी आपण केली असती, तर बरे झाले असते. माझी बहुतेक वकिली थकलेल्या बिलांसाठी हेलपाटे घालणाऱ्या कंत्राटदारांसाठीच झाली आहे. स्टॅम्पचा विषय वेगळा आहे आणि तो या लेखात नव्हता, एवढे पुरे. निवाडा रद्द करण्याच्या अर्जासाठी असलेल्या तीन महिन्यांच्या मुदतीनंतर पुरेशा कारणासाठी न्यायालय आणखी 30 दिवस देऊ शकते, हे मात्र लेखात राहून गेले, ते मान्य.

आता ‘मुळातच रद्दबातल’ या आपल्या शब्दांकडे वळतो. समजा, 2018 च्या बांधकाम करारात असे कलम आहे की वाद झाल्यास कंपनीचे व्यवस्थापकीय संचालक, किंवा ते नेमतील ती व्यक्ती, एकमेव लवाद असेल. 2021 मध्ये 38 लाखांचे अंतिम बिल अडते, संचालक एका निवृत्त अभियंत्याला नेमतात, कंत्राटदार हजर राहून दावा मांडतो आणि निवाड्यात त्याच्या पदरी 14 लाख पडतात. लवाद आणि सलोखा कायद्यात 2015 च्या दुरुस्तीने आलेले कलम 12(5) आणि लवादाला अपात्र ठरवणाऱ्या संबंधांची यादी देणारी त्या कायद्याची सातवी अनुसूची यांमुळे ते संचालक स्वतः लवाद होऊ शकत नाहीत. जो स्वतः होऊ शकत नाही तो दुसऱ्याला नेमूही शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये टीआरएफ प्रकरणात आणि 2019 मध्ये पर्किन्स ईस्टमन प्रकरणात सांगितले. कंत्राटदार तारखांना हजर राहिला म्हणून त्याने हक्क सोडला असेही होत नाही, कारण त्यासाठी वाद उद्भवल्यानंतर केलेला स्पष्ट लेखी करार लागतो. इथपर्यंत आपले म्हणणे बरोबर आहे, आणि माझ्या लेखातही तेच लिहिले आहे. तो परिच्छेद आपण वाचला असावा, असे प्रतिक्रियेवरून वाटत नाही.

परंतु तो निवाडा कपाटात ठेवून ‘हा रद्दबातल आहे’ असे म्हणत बसल्याने काहीच घडत नाही. कलम 34 खाली न्यायालयात अर्ज करावा लागतो, आणि मुदत उलटली की न्यायालयाचे हात बांधलेले असतात. तिथे सर्वसाधारण मुदत कायद्यातील विलंबमाफीही चालत नाही. मुदत सुरू होते ती लवादाच्या सहीची प्रत पक्षकाराच्या हाती पडल्यापासून. महाराष्ट्र शासन विरुद्ध आर्क बिल्डर्स या 2011 च्या निर्णयाने हा मुद्दा निकाली काढला. तिथे शासनाला लवादाकडून प्रत मिळालीच नव्हती, कंत्राटदाराने पाठवलेली छायाप्रत तेवढी आली होती. म्हणून मी अशिलांना निवाड्याचा लिफाफाही जपून ठेवायला सांगतो.

लवादाची नेमणूक निर्दोष असती तर याच कंत्राटदाराची स्थिती काय असती, तेही पाहा. मोजमाप पुस्तिकेतील नोंदी लवादाने चुकीच्या वाचल्या, ही तक्रार न्यायालय ऐकत नाही, कारण पुराव्याचे फेरमूल्यांकन करण्यास कलम 34(2अ) मध्ये स्पष्ट मनाई आहे. एकही पुरावा नसताना काढलेला निष्कर्ष, किंवा करारातील भाववाढीचे कलम नजरेआड करून दिलेला निवाडा, ही गोष्ट निराळी. कारणे थोडी आहेत असे मी लिहिले ते याच अर्थाने. याला भीती घालणे म्हणायचे असेल तर खुशाल म्हणावे.

शिवाय, निवाडा रद्द झाला म्हणजे 38 लाख मिळाले असे नव्हे. न्यायालय दाव्याची रक्कम स्वतः ठरवत नाही. निवाड्यात मर्यादित फेरबदल करता येतो, असे 30 एप्रिल 2025 च्या घटनापीठाच्या बहुमताने म्हटले असले, तरी पात्र नसलेल्या लवादाचा निवाडा त्यातून सावरता येईल असे मला वाटत नाही. नवा लवाद नेमून सगळे पुन्हा मांडावे लागते. मधला काळ कलम 43(4) नुसार मुदतीतून वगळला जातो, पण मजुरांची देणी आणि बँकेचे व्याज कोणी वगळत नाही. म्हणूनच नेमणुकीचे पत्र येताच लेखी हरकत घ्यावी आणि लवाद एकमताने ठरत नसेल, तर कलम 11 खाली उच्च न्यायालयात अर्ज करावा. नेमणूक होऊन कामकाज सुरू झाले असेल, तर त्या लवादाचा अधिकार संपला असे ठरवून घेण्यासाठी कलम 14 चा अर्ज आहे. हे दोन्ही अर्ज निवाडा येण्याआधी करायचे असतात, आणि ‘मुळातच रद्दबातल’ या भरवशावर बसलेला माणूस नेमके तेच करत नाही.