साहेबाचं काळीज, शिपायाचं काळीज

"गरीब लवकर मरतो, कारण औषधाला पैसे नसतात आणि हातातली सिगारेट सुटत नाही. यात अभ्यास करण्यासारखं आहे काय?" मन्याने निकाल देऊन टाकला. कट्ट्यावर मन्याचा निकाल म्हणजे भांडणाची सुरुवात, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

डॉकने (डॉक्टर नाही, सार्वजनिक आरोग्यात काम करतो) विचारलं, "समज, कुणीच गरीब नाही. सगळ्यांना पक्की सरकारी नोकरी, पेन्शन, उपचार फुकट. मग सगळे सारखेच जगतील?"

"जवळपास."

"नाही जगले. लंडनमध्ये १९६७ साली व्हाइटहॉल नावाचा अभ्यास सुरू झाला. सतरा हजारांवर सरकारी नोकर, सगळे पुरुष. वरती बडे प्रशासक, त्यांच्याखाली अधिकारी, मग कारकून, तळाला शिपाई वगैरे. तपासण्या करून ठेवल्या आणि कोण कधी, कशाने मरतो ते वर्षानुवर्षं टिपत गेले. हृदयविकाराने मरण्याचं तळाच्या लोकांचं प्रमाण वरच्यांच्या तिप्पटीहून जास्त निघालं."

"तळाचे सिगारेटी जास्त ओढत असणार."

"ओढत होतेच. पण सिगारेट, रक्तदाब, कोलेस्टेरॉल हे सगळं हिशोबात धरूनही फरकाचा साधारण एक तृतीयांशच उलगडा झाला. ज्यांनी कधी सिगारेट ओढलीच नाही, त्यांच्यातही तीच उतरंड दिसली."

मला यातली खरी गंमत दुसरीच वाटते. गरीब आणि श्रीमंत असे दोन गट पडलेच नाहीत. वरून दुसऱ्या पायरीवरचा अधिकारी, चांगल्या पगाराचा, तोही पहिल्या पायरीवरच्यापेक्षा लवकर जात होता. नुसत्या उपासमारीने किंवा औषधाच्या टंचाईने हे कसं समजावणार?

मन्या हटला नाही, आणि त्याचा पुढचा मुद्दा खरंच बरा होता. "उलटं असेल. जो मुळात आजारी, त्याला बढती मिळत नाही. म्हणून तो खाली राहतो."

"ही शंका मार्मट आणि मंडळींनाही होती," डॉक म्हणाला. मायकल मार्मट हे या अभ्यासातलं मुख्य नाव. "१९८५ साली दुसरा व्हाइटहॉल सुरू केला, दहा हजारांवर लोकांचा. सुरुवातीला ज्यांना हृदयविकार नव्हता त्यांनाच धरून पुढे कुणाला होतो ते पाहिलं. आजार नंतर आला, पद आधी होतं. आणि विचारलं की तुझ्या कामात तुझं किती चालतं? काम कसं, कोणत्या क्रमाने, किती वेगाने करायचं हे तू ठरवतोस का? ज्यांचं काहीच चालत नव्हतं, त्यांना हृदयविकार जास्त झाला. कुरकुऱ्या माणूस सगळ्यालाच नावं ठेवतो, म्हणून त्या कामांचं मोजमाप कर्मचारी विभागाच्या अधिकाऱ्यांकडूनही करून घेतलं. तरी संबंध टिकला."

सुमी इतका वेळ गप्प होती. "पहिल्या अभ्यासात बाई एकही नव्हती ना रे?"

"नव्हती. दुसऱ्यात साधारण एक तृतीयांश. त्यातल्याही बऱ्याचशा कारकुनीत."

"बायका तर पुरुषांपेक्षा जास्त जगतात," मन्या लगेच. "मग अन्याय कुठला?"

"जगतात जास्त, पण पुरुषांपेक्षा जास्त वर्षं दुखण्यातही काढतात," सुमी म्हणाली. "आणि ऑफिसात किती चालतं हे विचारलंत, घरात किती चालतं हे कुणी विचारलं का?"

विचारलं होतं. डॉकने सांगितलं की त्याच लोकांना पुढे घराबद्दलही प्रश्न केला. घरातल्या गोष्टी आपल्या हातात नाहीत असं म्हणणाऱ्या बायकांना हृदयविकाराचा धोका जास्त निघाला. पुरुषांमध्ये तसा संबंध दिसला नाही. खालच्या पदावरच्या बाईला दिवसभर साहेबाचं ऐकायचं आणि घरी गेल्यावर म्हाताऱ्यांचं, मुलांचं, पैशाच्या ओढाताणीचं निस्तरायचं. शरीर सतत ताणात राहिलं की ताणाची संप्रेरकं खाली यायला तयार होत नाहीत, आणि रक्तवाहिन्या त्याची किंमत मोजतात, असा त्यामागचा अंदाज. माझ्या मते वर्ग आणि लिंग वेगवेगळे मोजून त्यांची बेरीज करणाऱ्यांनी हे निष्कर्ष आधी वाचावेत. एकाच पदावरच्या बाई-पुरुषाला पद सारखंच, पण काम सुटल्यावरचे तास सारखे नाहीत.

"म्हणजे साहेबांनी शिपायाला जरा ठरवू दिलं की झालं?" मन्या.

"इतकं सोपं नाही. ही उतरंड नोकरीच्याही आधी सुरू होते. खालच्या पदावरचे लोक सरासरीने बुटके होते. उंची ठरते बालपणीच्या पोषणावर आणि आजारपणांवरही. नोकरीतल्या ताणाने ती कमी होत नाही. शिवाय हे सगळे पक्क्या नोकरीतले. बेकार, रोजंदारीवरचे यात नव्हतेच, त्यामुळे सगळ्या समाजाचं चित्र यातून कळत नाही."

"आणि घरीच राबणाऱ्या बायका?" सुमीने विचारलं. "त्यांची पायरी कुठली धरायची?"

"पूर्वी बऱ्याच ठिकाणी नवऱ्याचा हुद्दा लावायचे."

"म्हणजे नवरा साहेब, तर बायकोचं काळीजही साहेबाचंच?"

यावर मात्र मन्याही काही बोलला नाही.