प्रत्येक रकान्यात वाढ धरावी का? हीट लोडच्या अहवालावरील एका प्रतिक्रियेला उत्तर

«हीट लोडचा अहवाल वाचला. कागदावर छान आहे. पण ८६०० चौरस फुटांच्या ऑफिसला फक्त २२ टन एसी? आम्ही आयुष्यभर २०० चौरस फुटांना एक टन धरत आलो, कुणाची तक्रार आली नाही. माणसे, दिवे, काच, यंत्रे, प्रत्येक रकान्यात थोडी थोडी वाढ ठेवायची असते, हे साइटवर पाय ठेवल्याशिवाय कळत नाही. काचेचा आकडा कोणत्या वेळेचा आहे तेही तक्त्यात दिसत नाही. पडदे, भिंती, पंख्याची उष्णता यांबद्दलही शंका आहेत. मे महिन्यात लोक घामाघूम झाले की फोन तुम्हालाच येईल.»
(एक वाचक)

नमस्कार.

प्रतिक्रिया सविस्तर लिहिलीत याबद्दल आभार. परंतु ती ज्या सुरात लिहिली आहे त्याविषयी आधी बोलणे भाग आहे. पुण्यातल्या या ऑफिसच्या एसीला किती उष्णता बाहेर काढावी लागेल याचा हिशोब, म्हणजे हीट लोड, मांडणाऱ्या अहवालातले एखादे गृहीतक पटले नाही तर ते कोणते आणि का, एवढे लिहिले असते तरी पुरे होते. लिहिणाऱ्याने साइट पाहिलेलीच नाही असा निकाल परस्पर देऊन टाकण्याचे कारण नव्हते. माझ्या नोकरीची सुरुवात शिडीवर उभे राहून, फॉल्स सीलिंगमधल्या प्रत्येक ग्रिलला ॲनिमोमीटर लावून हवा मोजण्यात झाली आणि हीट लोडचा तक्ता हातात येण्याआधी मी त्या तक्त्यांचे परिणाम मजल्या-मजल्यांवर पाहिले आहेत. आपण माझ्याविषयी जे गृहीत धरले ते आपल्या दोनशे चौरस फुटांइतकेच न मोजता धरलेले आहे.

एक सूचना मात्र रास्त आहे. काचेच्या आकड्याची वेळ गृहीतकांच्या पानावर दिलेली आहे, पण ती तक्त्याच्या माथ्यावरही असावी, आणि पुढच्या आवृत्तीत ती तिथे असेल. ती वेळ दुपारी साडेचारची आहे. पुणे भारतीय प्रमाणवेळेच्या रेखांशाच्या बरेच पश्चिमेला असल्यामुळे मे महिन्यात सूर्य डोक्यावर येतो तो साडेबाराच्या सुमारास, आणि पश्चिमेच्या उभ्या काचेवरचे ऊन साडेचारच्या आसपास सर्वांत तीव्र होते. घड्याळातल्या तीनच्या ठोक्याला हिशोब करणारा पश्चिमेची काच कमी धरतो, आणि पूर्वेची सकाळची कमाल व पश्चिमेची संध्याकाळची कमाल एकत्र मिळवणारा कधीच न येणाऱ्या तासासाठी यंत्र विकत घेतो.

आता मुख्य वाक्याकडे, म्हणजे प्रत्येक रकान्यातल्या वाढीकडे, येतो. माझा विरोध मार्जिनला नाही, ते अनेक ठिकाणी न सांगता लपवण्याला आहे. अहवालातला मजला ८०० चौरस मीटरचा, मधला, म्हणजे वर छताचे ऊन नाही. १२० माणसे, बसून काम करणाऱ्या प्रत्येकाची १३० वॉट उष्णता, त्यातली ७५ हवा तापवणारी आणि ५५ घाम व श्वासातून ओलाव्याच्या रूपाने येणारी: मिळून १५.६ किलोवॉट. दिवे चौरस मीटरला ८ वॉटप्रमाणे ६.४. लॅपटॉप, मॉनिटर, प्रिंटर, पँट्री मिळून १०. पश्चिमेची ९० चौरस मीटर काच, बाकीची काच आणि भिंती मिळून २३.४. बाहेरची ताजी हवा सेकंदाला ५४० लिटर, तिचे १३.२. पंख्याच्या मोटरची उष्णता १.८. बेरीज ७०.४ किलोवॉट, म्हणजे टनाला साडेतीन किलोवॉटप्रमाणे २० टन. त्यावर शेवटी एकदाच, उघडपणे लिहून, १० टक्के. म्हणून ११ टनांची दोन डक्टेबल एसी यंत्रे. कॅटलॉगमधले टन बाहेर ३५ अंश असतानाचे असतात आणि हा हिशोब ३८ अंशांचा आहे. यंत्राची क्षमता तिथे थोडी उतरते, आणि या १० टक्क्यांतला काही भाग तिथेच खर्च होतो. मार्जिन कशासाठी आहे हे असे सांगता आले पाहिजे.

आपल्या पद्धतीने हाच तक्ता मी पुन्हा भरून पाहिला. माणसांवर १५ टक्के, दिव्यांवर १०, काच-भिंतींवर १०, ताज्या हवेवर १०. यंत्रांच्या रकान्यात, बहुतेक जण करतात तसे, लॅपटॉपच्या अडॅप्टरवर छापलेले ६५ वॉट आणि मॉनिटरच्या मागचे ४५ वॉट धरले, प्रिंटर-पँट्रीही लेबलवरून घेतली आणि त्यावर २० टक्के चढवले. पंख्याचे २ किलोवॉट धरून बेरीज ९० किलोवॉटच्या आसपास जाते. मग शेवटी पुन्हा सुरक्षिततेचे १५ टक्के, की १०३ किलोवॉट, म्हणजे २९ टनांच्या वर. बाजारात त्याच्या वरचे सोयीचे माप साडेसोळा टनांच्या दोन यंत्रांचे, म्हणून ३३ टन. एकाही रकान्यात कुणी वेडेपणा केलेला नाही, प्रत्येकाने आपापल्या जागी थोडी काळजी घेतली आहे, आणि तरी २० टनांच्या गरजेला ३३ टन उभे राहिले आहेत.

यातली सर्वांत मोठी उडी यंत्रांच्या रकान्यातली आहे, १० वरून जवळपास २३, आणि तिचे कारण लेबल आहे. अडॅप्टरवरचा आकडा तो जास्तीत जास्त किती देऊ शकतो याचा असतो. बॅटरी भरलेली असताना कागदपत्रांचे काम करणारा लॅपटॉप त्याचा एक तृतीयांशही घेत नाही. हे शोधायला प्रयोगशाळा लागत नाही. हिंजवडीच्या एका मजल्यावर, जिथे या रकान्यात १९ किलोवॉट धरले होते, तिथे भर कामाच्या दुपारी यूपीएसच्या पडद्यावर सातच्याही खालचा आकडा होता. टाँग टेस्टर लावून तिन्ही फेज तपासले तेव्हाही तेच. टेबलावरची सगळी यंत्रे त्याच यूपीएसवर होती. पँट्री आणि मोठा प्रिंटर वेगळ्या लाइनवर होते, ते मिळवूनही आकडा धरलेल्याच्या निम्म्यावर गेला नाही.

त्याच मजल्याची पुढची हकिकत सांगतो, कारण कुणाची तक्रार आली नाही हा आपला पुरावा आहे आणि तक्रार कशी येते यावर तो अवलंबून आहे. मे महिन्यात तिथे सगळे खूश होते. जुलैत काही लोक गारठून जाकीट घालून बसले होते आणि तरी टेबलावरचे कागद मऊ पडले होते. ग्रिलच्या कडेने पाण्याचे थेंब साचत होते, सीलिंगच्या टाइलवर पिवळट डाग उठले होते आणि कार्पेटला कुबट वास येत होता. देखभालीच्या लोकांनी दमटपणावर उपाय म्हणून थर्मोस्टॅट २४ वरून २१ वर आणला होता, त्यामुळे गारठा वाढला आणि ग्रिल आणखी थंड होऊन थेंबही वाढले. यंत्रे दीडपट मोठी आहेत अशी तक्रार कुणीही केली नाही. तक्रार वासाची होती, आणि ती हाउसकीपिंगच्या वहीत लिहिली गेली. यंत्र बसवणाऱ्याला फोन जाण्याचा प्रश्नच नव्हता.

असे का होते ते याच तक्त्यावरून दिसते. मे महिन्याच्या साडेचारला ७० किलोवॉटपैकी ओलाव्याचा वाटा ११, म्हणजे सहाव्या हिश्श्याच्या आसपास. ढगाळ जुलैत काचेचा भार कोसळतो, बाहेरचे तापमान २८ वर येते, पण ताज्या हवेबरोबर येणारा ओलावा तिपटीने वाढतो. एकूण भार ५७ किलोवॉट आणि त्यातले २१ ओलाव्याचे. थर्मोस्टॅटला फक्त तापमान कळते. गरजेच्या दुप्पट क्षमतेचे ठरावीक वेगाचे यंत्र खोली भराभर थंड करते, कॉम्प्रेसर बंद पडतो, पंखा मात्र चालू राहतो, आणि कॉइलवर जमलेले पण अजून ट्रेमध्ये न उतरलेले पाणी त्याच हवेत परत जाते. ओलावा काढायला कॉइल बराच वेळ सलग थंड राहावी लागते. इन्व्हर्टर यंत्रात हा दोष सौम्य होतो, पण तेही एका मर्यादेखाली उतरले की चालू-बंद व्हायला लागते. म्हणून माझ्या अहवालात मे आणि जुलै असे दोन तक्ते आहेत. आपल्या प्रतिक्रियेत दुसऱ्याचा उल्लेखही नाही, त्यामुळे तो वाचला गेला की नाही याची मला शंका आहे.

दोनशे चौरस फुटांच्या हिशोबाने इथे ४३ टन बसतात. तो ठोकताळा साधी काच, ट्यूबलाइट आणि जाडजूड मॉनिटरच्या संगणकांच्या काळात फारसा चुकत नसावा. ती उष्णताच आता मजल्यावर नाही, तर तिच्यासाठी यंत्र कशाला?

उद्या माणसे वाढली तर, ही भीती मात्र खरी आहे आणि तिचे उत्तर अहवालात आहे. या मजल्यावर एक माणूस वाढला की त्याची स्वतःची उष्णता, त्याच्या टेबलावरची यंत्रे आणि त्याच्या वाट्याची ताजी हवा मिळून सुमारे २५० वॉट वाढतात. चाळीस माणसे वाढली तर १० किलोवॉट, म्हणजे तीन टनांना थोडे कमी. त्यासाठी साडेपाच टनांच्या तिसऱ्या यंत्राची जागा, निचऱ्याची पाइप आणि पॅनलमध्ये एक मोकळा ब्रेकर राखून ठेवला आहे. माणसे आली की यंत्र येईल. न आलेल्या माणसांसाठी आजपासून वीज आणि ओल सोसण्यात मला शहाणपणा दिसत नाही. दोन पाळ्यांचे कॉल सेंटर किंवा प्रत्येक टेबलावर चार मॉनिटर असलेले ट्रेडिंगचे दालन असते तर मी हा १० किलोवॉटचा आकडा वापरलाच नसता. तो या मजल्याचा आहे, सगळ्या ऑफिसांचा नाही.

पडदे, भिंती आणि पंखा यांविषयीच्या आपल्या शंका गृहीतकांच्या पानावरच फिटतात, इथे पुन्हा लिहीत बसत नाही.

अनुभवाला अनुभवानेच तपासायचे असेल तर माझी एक विनंती आहे. आपण दोनशेच्या हिशोबाने केलेल्या कोणत्याही एका चालू मजल्याचे क्षेत्रफळ, दुपारी चारचा यूपीएसवरचा भार आणि जुलैतल्या एखाद्या पावसाळी दिवसाची आतली सापेक्ष आर्द्रता, एवढे तीन आकडे पाठवा. आर्द्रता साठ टक्क्यांच्या आत निघाली तर ते आकडे मी माझ्या तक्त्याशेजारी जसेच्या तसे छापीन आणि त्यांचा खुलासा करण्याची जबाबदारी माझी राहील.