भांगातली पांढरी रेघ आणि ऐन वेळी मारलेला स्प्रे

मागच्या महिन्यात सकाळी आठला ताईचा व्हिडिओ कॉल आला. "अगं, दहा वाजता फोटो आहेत. भांगात पांढरं दिसत होतं म्हणून केसांच्या रंगाचा स्प्रे मारला, तर आता हे बघ काय झालंय!" बघितलं, तर तिच्या डोक्यावर भांगच उरला नव्हता. मधोमध एक काळी पट्टी आणि कपाळावर बारीक ठिपके.

ही चूक इतक्या जणींकडून होते की आज सविस्तर लिहायचं ठरवलं. भांग म्हणजे केसांच्या मधली उघडी त्वचा. स्प्रे वरून सरळ मारला की केसांबरोबर ती त्वचाही काळी होते. पांढरे केस लपतात, पण तशी काळी त्वचा कुणाच्याच डोक्यावर नसते, म्हणून ते बघताक्षणी खटकतं. रंगवायचे आहेत ते केस, टाळू नाही.

पांढरे केस तात्पुरते झाकणारे हे रंग, स्प्रे असो वा पावडर, डायसारखे केसात शिरत नाहीत. त्यांत बहुधा लोहाच्या ऑक्साइडचे, म्हणजे गंजाच्याच जातीचे, बारीक कण असतात. स्प्रेमध्ये त्यांना धरून ठेवणारा एक पातळ, वाळून कडक होणारा थर असतो. टच-अप पावडरमध्ये बहुतेक वेळा तोही नसतो, ती केसावर नुसती बसते. त्यामुळे केसाला तेल असेल तर रंग गोळा होतो, आणि केस ओले असतील तर ओघळतो.

ताईनं आदल्या रात्री तेल लावलं होतं. हातात दोन तास होते, म्हणून तिला फक्त पुढचे केस शॅम्पूनं धुवायला लावले आणि पूर्ण कोरडे करायला सांगितले. मग भांग बोटभर बाजूला घेतला. इतक्यानंच निम्मी रेघ झाकली गेली! डाय करून चार आठवडे झाले होते. केस महिन्याला साधारण १ सेंटीमीटर वाढतात, म्हणजे रंगवायची होती ती एवढीच पट्टी. डोकंभर फवारण्याचं काहीच कारण नव्हतं.

स्प्रे डोक्यावर मारायचाच नाही. मस्काऱ्याचा जुना, स्वच्छ धुतलेला ब्रश घ्यायचा, त्यावर एक छोटा फवारा द्यायचा आणि केसांची पातळ बट उचलून मुळापासून बाहेरच्या दिशेनं फिरवायचा. एक मिनिट वाळू द्यायचं, मग हवा असेल तर दुसरा हात. मागच्या बाजूला मोठा भाग झाकायचा असेल तर डबा १५ ते २० सेंटीमीटर लांब धरून, क्षणभर दाबून सोडायचा. जवळून मारला की केस चिकटून त्यांचे झुपके होतात. खिडकी उघडी हवी, डोळे मिटलेले हवेत, आणि जवळपास गॅस किंवा दिवा पेटलेला नको. हे डबे सहज पेट घेतात.

कानशिलांवर मात्र मी पावडरच वापरते. तिथले केस विरळ असतात, स्प्रे लगेच चेहऱ्यावर उडतो. आखूड, दाट ब्रशनं पावडर दाबून लावायची, घासायची नाही. पांढरे केस बरेचदा राठ असतात, पावडर त्यांच्यावर टिकत नाही. अशा वेळी आधी ब्रशवर थोडा साधा हेअरस्प्रे घेऊन त्या केसांवर फिरवायचा आणि ओलसर असतानाच पावडर दाबायची.

छटेबद्दल माझं मत पक्कं आहे. गडद काळा घेऊ नका. आपल्या केसांपेक्षा किंचित फिका घ्या, गडद तपकिरी बहुतेकींना चालतो. फिकी छटा केसांत मिसळून जाते, गडद छटा रंग लावल्याचं सांगते.

रंग टिकतो तो पुढच्या शॅम्पूपर्यंत, पण घाम आणि पाऊस त्याला त्याआधीच हलवतात. कपाळ पुसताना रुमाल दाबून टिपा, ओढू नका. रात्री तसंच झोपलात तर उशीचा अभ्रा रंगतो.

काढताना नुसत्या पाण्यानं धुवू नका, त्यानं रंग पसरतो. कोमट पाण्यानं केस पूर्ण भिजवून शॅम्पू लावा. पहिला फेस तपकिरी येईल, दुसरा बराच फिका. फेस पांढरा आला की समजायचं, रंग गेला. कानामागं आणि केसांच्या कडेला राहिलेला डाग कापसावर दोन थेंब तेल घेऊन पुसला की निघतो. ब्लीच केलेल्या केसांत मात्र छटा एखाद-दोन धुण्यांनंतरही रेंगाळू शकते, कारण तो केस सच्छिद्र झालेला असतो. आणि कालच्या थरावर आज पुन्हा थर नको. केस ताठ होतात, विंचरताना तुटतात.

ताईची डायची वेळ शनिवारची होती. शुक्रवारी रात्री तिला मुद्दाम फोन करून सांगितलं, उद्या स्प्रे लावून जाऊ नकोस, आजच डोकं धू. तो थर केसावर असला तर डाय सारखा लागत नाही, आणि रंगवणारीला पांढरं नेमकं कुठवर आलंय तेही दिसत नाही.