चॅट डिलीट केलं, पण फोटोचं काय? एका फॉरवर्डचा समाचार

"एआयला फोटो देताना घाबरू नका!! १) काम झालं की चॅट डिलीट करा, फोटो त्याच क्षणी सगळीकडून कायमचा जातो. २) डिलीट करायचा कंटाळा आला तर 'माझा फोटो विसरून जा' असं लिहा, तेवढ्यानं भागतं. ३) सेटिंगमध्ये हिस्टरी बंद असेल तर फोटो सेव्हच होत नाही. ४) कंपनीची माणसं फोटो बघतात ही अफवा आहे, फक्त मशीन बघतं. सगळ्या ग्रुपवर पाठवा."

हा मेसेज याआधीही डोळ्यांखालून गेला होता आणि मी सोडून दिला होता. या वेळी तो मावशीकडे पोचला. तिला एक अर्ज भरायचा होता. ओळखपत्रावरचा बारीक मजकूर नीट वाचता येईना, म्हणून तिनं कार्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढून गूगलच्या जेमिनी या एआयला दिले आणि मजकूर उतरवून घेतला. संध्याकाळी मेसेजवर विसंबून चॅट डिलीट केलं आणि मला फोन केला, "गेलं ना आता सगळं?" याचं उत्तर हो किंवा नाही असं एका शब्दात देता येत नाही, आणि हा मेसेज लिहिणाऱ्यानं ते चार ओळींत देऊन टाकलंय, याचाच जास्त राग आला.

मावशीनं जेमिनी वापरलं म्हणून मी गूगलचंच उदाहरण घेते. पुढं जे लिहिलंय त्यातलं बरंचसं जेमिनीच्या प्रायव्हसीच्या पानावर गूगलनं स्वतः लिहून ठेवलेलं आहे. ते कोणालाही उघडून वाचता येतं. फॉरवर्ड करणाऱ्यांनी तेवढेही कष्ट घेतलेले नाहीत.

चौथ्या मुद्द्यापासून सुरुवात करते, कारण खरं नुकसान तोच करतो. माणसं बघतात. सगळ्यांचं सगळं बघत नाहीत, पण निवडलेली काही संभाषणं प्रशिक्षित तपासनीस वाचतात, कारण उत्तर बरोबर आलं की चुकलं हे शेवटी कोणीतरी ठरवावं लागतं. यात लपवाछपवी काही नाही. तपासनिसानं पाहू नये असं वाटत असेल अशी गोपनीय माहिती इथं टाकू नका, असं त्याच पानावर सरळ सांगितलेलं आहे. सप्टेंबर २०२५ पासून, चॅटची हिस्टरी जपून ठेवणारी Keep Activity ही सेटिंग चालू असेल तर लोकांनी अपलोड केलेल्या गोष्टींपैकी काही नमुने सेवा सुधारण्यासाठी वापरले जातील, हेही कंपनीनं जाहीर केलं होतं.

आता खरी मेख. तपासणीसाठी उचललेलं संभाषण तुमच्या खात्यापासून तोडून वेगळं ठेवतात. ते ३ वर्षांपर्यंत राहू शकतं, आणि तुम्ही चॅट डिलीट केलं तरी ते डिलीट होत नाही. तुमचं डिलीटचं बटण तुमच्या खात्याला जोडलेल्या गोष्टींवर चालतं. ही प्रत खात्याला जोडलेलीच नाही, तर ते तिथं पोचणार कसं? कंपनी म्हणते की खात्याचा धागा तोडल्यामुळे ते संभाषण कोणाचं आहे हे कळत नाही. सूर्यास्ताचा फोटो असेल तर हे पटतं. ओळखपत्राचा असेल तर फोटोतच नाव आहे, जन्मतारीख आहे, पत्ता आहे, चेहरा आहे. खात्याचा धागा तोडून तिथं काय उपयोग? हीच गोष्ट वैद्यकीय रिपोर्टची, पगाराच्या स्लिपची आणि सही केलेल्या कागदाची. ज्या कागदांसाठी हा दिलासा सगळ्यात जास्त हवा, नेमका त्यांनाच तो लागू पडत नाही.

मावशीचा फोटो तपासणीत गेला असेल का? शक्यता कमी आहे, निवड थोड्याच संभाषणांची होते. पण गेला की नाही हे तिला कधीच कळणार नाही. myactivity.google.com वर जाऊन पाहिलं तर यादी रिकामी दिसेल, आणि माणूस निश्चिंत होईल. ती यादी फक्त खात्याला जोडलेलं दाखवते. खात्यापासून तुटलेलं तिथं दिसणारच नाही, म्हणून रिकामी यादी पाहून या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही.

पहिला मुद्दा. यात अर्धं सत्य आहे, ते मान्य करते, जरा नाइलाजानंच. डिलीट म्हणजे निव्वळ धूळफेक नाही. चॅट डिलीट केलं की ते तुमच्या खात्यातून लगेच दिसेनासं होतं, ते परत उघडता येत नाही, आणि उद्या तुमचा फोन दुसऱ्या कोणाच्या हातात पडला तर त्याला ते दिसणार नाही. खरोखर पुसण्याचं कामही सुरू होतं. "काहीही केलं तरी काहीच पुसलं जात नाही" असा उलटा फॉरवर्डही फिरतोय, तोही तितकाच चुकीचा आहे.

मात्र पुसणं एका क्षणात होत नाही. डिलीट केलेली माहिती चालू यंत्रणेतून पूर्ण जायला साधारण २ महिने लागतात, असं गूगलच्या माहिती-जतनाच्या धोरणात म्हटलंय. चुकून डिलीट झालेलं परत मिळावं म्हणून ठेवलेला महिनाभराचा अवधी बऱ्याचदा यातच धरलेला असतो. त्याशिवाय आपत्तीसाठी ठेवलेले कूटबद्ध बॅकअप असतात, त्यांत ती माहिती ६ महिन्यांपर्यंत राहू शकते. कारण साधं आहे. एकच फाइल अनेक यंत्रांवर, अनेक ठिकाणी ठेवलेली असते, आणि बॅकअपमधून एकेकाची एकेक फाइल वेचून काढत नाहीत. जुना बॅकअप मुदत संपली की त्याच्यावर नवा चढतो.

म्हणजे मावशीनं सोमवारी डिलीट केलं तर सोमवारीच तिच्या यादीतून फोटो गेला. चालू यंत्रणेतून जायला दोनेक महिने आणि बॅकअपमधून जायला त्याहून जास्त. आणि डिलीट करण्याआधीच तो तपासणीसाठी उचलला गेला असेल, तर ती प्रत या हिशेबात बसतच नाही.

चॅटजीपीटीचे आकडे वेगळे आहेत. तिथं डिलीट केलेलं चॅट पुसण्याच्या रांगेत लागतं आणि ३० दिवसांच्या आत कायमचं पुसलं जातं. अपवाद दोन: ते आधीच ओळख काढून खात्यापासून वेगळं केलेलं असेल तर, किंवा सुरक्षेसाठी वा कायद्यासाठी ठेवणं भाग असेल तर. कायद्याचा अपवाद कागदापुरता नाही. न्यूयॉर्क टाइम्सनं चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयवर भरलेल्या खटल्यात मे २०२५ मध्ये न्यायालयानं आदेश दिला की एरवी पुसलं गेलं असतं ते जपून ठेवा. त्या काळात कित्येक सामान्य वापरकर्त्यांनी डिलीट केलेली चॅटं कंपनीला वेगळी सांभाळून ठेवावी लागली. पुढं जपून ठेवण्याचं ते बंधन २६ सप्टेंबर २०२५ ला संपलं. ज्यांनी डिलीट दाबलं होतं त्यांना यात कोणी काही विचारलं नव्हतं.

आणखी एक: चॅटजीपीटीतला Archive म्हणजे डिलीट नव्हे. त्यानं चॅट फक्त यादीतून बाजूला जातं, आत सगळं जसंच्या तसं असतं.

दुसऱ्या मुद्द्यावर वेळ घालवण्यासारखं काही नाही. "विसरून जा" असं लिहिलं की त्याच चॅटमध्ये आणखी एक वाक्य जमा होतं. फोटो वर आहे तिथंच राहतो. वर सरकवून बघा, दिसेल. "बरं, विसरलो" असं उत्तर आलं तरी त्यामुळे कुठल्याही सर्व्हरवरची कुठलीही फाइल हलत नाही. उलट त्याच चॅटमध्ये पुढचा प्रश्न विचारलात की मागचं संभाषण त्याच्यासोबत पुन्हा आत जातं, फोटोसकट. चॅटजीपीटीत तर लक्षात ठेवलेल्या गोष्टींची नोंद चॅटपासून वेगळी असते. फोटोतला पत्ता त्या नोंदीत उतरला असेल तर चॅट डिलीट केल्यावरही तो तिथं राहतो. सेटिंगमध्ये मेमरी उघडून ती ओळ वेगळी काढावी लागते.

तिसरा मुद्दा थोडा बरा, म्हणजे दिशा बरोबर आणि तपशील चूक. Keep Activity बंद केली तरी जेमिनी संभाषण ७२ तासांपर्यंत खात्यासोबत ठेवतं, कारण उत्तर द्यायला आणि गैरवापर रोखायला ते लागतं. Temporary chat लाही तेच ७२ तास. चॅटजीपीटीच्या तात्पुरत्या चॅटची प्रत सुरक्षेच्या कारणासाठी ३० दिवसांपर्यंत राहू शकते. "सेव्हच होत नाही" हे खोटं, पण तीन दिवस आणि तीन वर्षं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, म्हणून ही सेटिंग वापराच. फक्त क्रम पाळा. सेटिंग आधी बंद, फोटो नंतर. आज बंद केल्यानं काल दिलेला फोटो मागे येत नाही.

मेसेजमध्ये ज्याचा उल्लेखच नाही ते म्हणजे आपल्या बाजूच्या प्रती. मावशीच्या फोनच्या गॅलरीत ओळखपत्राचे दोन्ही फोटो तसेच होते. गॅलरीचा क्लाउड बॅकअप चालू असल्यामुळे तिथंही होते. शिवाय तोच फोटो तिनं माझ्या मावसभावालाही पाठवला होता. चॅटमधल्या डिलीटचा यांतल्या एकाशीही संबंध नाही.

तिला शेवटी काय सांगितलं ते लिहून टाकते. चॅट डिलीट केलंस ते बरोबर केलंस. आता Keep Activity बंद कर, गॅलरीतून आणि क्लाउडमधून ते फोटो काढ, आणि तिथला कचऱ्याचा डबाही रिकामा कर, नाहीतर काही दिवस ते तिथंच पडून राहतात. पुढच्या वेळी मजकूर वाचून घ्यायचा असेल तर लागेल तेवढाच भाग कापून दे. क्रमांक आणि चेहरा झाकायचा तर पूर्ण काळ्या चौकोनानं झाक. बोटानं फिरवायचा मार्कर वापरू नकोस. तो बऱ्याचदा अर्धपारदर्शक असतो, आणि फोटोचा उजेड वाढवला की खालचे आकडे वाचता येतात. मग झाकलेल्या फोटोचा स्क्रीनशॉट काढून तोच दे, म्हणजे मूळ फाइलमध्ये फोटो कुठे काढला याची नोंद असेल तर तीही सोबत जाणार नाही.

यावर तिनं विचारलं, "आणि तो मेसेज मी पुढं बारा जणींना पाठवलाय, त्याचं काय?" त्या बारा जणींसाठीच हे लिहिलंय, त्यांनाही पाठव म्हटलं.