पाच लिटर पाण्याने मळाचा खडा मऊ होत नाही

«बद्धकोष्ठ म्हणजे आतड्यात पाणी कमी पडणं, दुसरं काही नाही. सकाळी उठल्या उठल्या चार ग्लास कोमट पाणी एका दमात प्या आणि दिवसभरात पाच लिटर पूर्ण करा. चहा, ताक, आमटी यात धरायची नाही. सात दिवसांत पोट साफ, इसबगोल आणि गोळ्या कायमच्या बंद. पाणी जास्त झालं म्हणून कोणाचं कधी काही बिघडत नाही!»

गेल्या उन्हाळ्यात माझ्याकडे एक ६८ वर्षांच्या आजी आल्या, त्या हाच मेसेज वाचून रोज साडेचार लिटर पाणी पीत होत्या. त्यांची गोष्ट पुढे सांगतोच. आधी पहिलं वाक्य घेऊ, कारण बाकीची चूक तिथूनच निघाली आहे.

आतड्यात पाणी कमी नसतं. आपण जे खातो-पितो त्यातून आणि लाळ, जठररस, पित्त, आतड्याचे स्वतःचे रस यांतून मिळून दिवसाला साधारण आठ-नऊ लिटर द्रव लहान आतड्यात येतो. त्यातला बहुतेक तिथेच रक्तात शोषला जातो. मोठ्या आतड्यापर्यंत लिटर-दीड लिटर पोचतो आणि तेही इतकं शोषून घेतं की शेवटी मळाबरोबर जेमतेम शंभर-दीडशे मिलिलिटर पाणी बाहेर पडतं. गरज पडली तर मोठं आतडं दिवसाला चार-पाच लिटरसुद्धा ओढून घेऊ शकतं. म्हणजे तुम्ही वरून एक लिटर जास्त प्यालात तर तो मळापर्यंत पोचण्याआधीच रक्तात जातो आणि मूत्रपिंडं तो लघवीवाटे बाहेर टाकतात. मळ होता तसाच राहतो, लघवीच्या फेऱ्या तेवढ्या वाढतात.

मळ कोरडा होतो तो मोठ्या आतड्यात फार वेळ पडून राहिल्यामुळे. जितका वेळ जास्त, तितकं पाणी जास्त शोषलं जातं. हा वेळ का वाढतो, तर खाण्यात चोथा कमी, हालचाल कमी, शौचाची भावना दाबून ठेवण्याची सवय, थायरॉइडची कमतरता किंवा औषधं. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, रक्तदाबाची काही औषधं यांनी बद्धकोष्ठ होतं. यांतलं काहीही जास्तीच्या पाण्याने सुटत नाही.

मग पाण्याचा काहीच संबंध नाही का? आहे, पण खालच्या टोकाला. जो माणूस मुळात फार कमी पितो, त्याचं शरीर पाणी वाचवायला लागतं आणि मळातलं पाणीही खेचून घेतं. हे मी सर्वांत जास्त बायकांमध्ये पाहतो. शाळेत, बाजारात, एसटीच्या प्रवासात धड संडास नाही म्हणून त्या सकाळपासून दुपारपर्यंत घोटभरही पाणी घेत नाहीत. अशा बाईने दिवसाला सात-आठशे मिलिलिटरवरून दीड लिटरवर यावं, तिला फरक नक्की जाणवेल. पण दोन लिटर पिणाऱ्याने पाचवर जाऊन तसा फरक पडत नाही.

आकडा हवा असेल तर बैठं काम करणाऱ्या प्रौढ माणसाला सगळी पेयं मिळून दीड ते दोन लिटर पुरतात. ऊन, शेतातलं काम, ताप, जुलाब असतील तर त्याहून जास्त. यात चहा, कॉफी, ताक, दूध सगळं धरायचं. चहाने लघवी थोडी जास्त होते, पण रोजच्या दोन-तीन कपांतलं बहुतेक पाणी अंगालाच लागतं. शिवाय भात, वरण, भाजी, फळं यांतून अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त पाणी आपोआप पोटात जातं. दिवसा लघवी फिकट पिवळी होत असेल तर पाणी पुरतंय असं समजा. सकाळची पहिली लघवी गडद असतेच, आणि बी-कॉम्प्लेक्सची गोळी चालू असेल तर रंगावर विसंबू नका.

आता त्या आजी. वजन ५४ किलो, रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू. आठवड्यातून दोनदाच शौचाला व्हायचं, तेही खूप कुंथून. पाणी वाढवून वीस दिवस झाले तरी खडा तसाच, उलट रात्री चारदा उठावं लागायचं. मग मळमळ, डोकं जड, एका सकाळी तोल गेला आणि बोलणं विसंगत झालं. तपासणीत रक्तातलं सोडियम १२६ निघालं. ते १३५ ते १४५ हवं. जास्तीचं पाणी, वय आणि ती गोळी, तिन्ही मिळून सोडियम उतरलं होतं. त्यांना रुग्णालयात ठेवावं लागलं. हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना तर पाण्याचं मोजमाप डॉक्टरांनीच ठरवून दिलेलं असतं, त्यांनी असा मेसेज पाळणं थेट धोक्याचं आहे.

घरी आल्यावर मी त्यांना विचारलं, हे कधीपासून? कवळी बसवल्यापासून, आजी म्हणाल्या. भाकरी चावत नव्हती म्हणून ती सुटली, पालेभाजी सुटली, उरला मऊ भात आणि चहा-बिस्किट. त्यातच कॅल्शियमची गोळी सुरू झाली होती. कारण हे होतं.

कॅल्शियमची खरंच गरज आहे का ते तपासून गोळी थांबवली, रक्तदाबाची गोळी बदलली. पालेभाजी पातळ आणि मऊ शिजवून, सालीच्या मुगाचं वरण, दुपारी पपई, आणि भाकरी दुधात किंवा आमटीत कुस्करून. रात्रीच्या जेवणानंतर एक लहान चमचा इसबगोल. पाणी मोजून दिलं: सकाळी एक ग्लास, दोन चहा, दुपारी ताक, दोन जेवणांबरोबर एकेक ग्लास, संध्याकाळी एक आणि इसबगोलबरोबरचा एक. सगळं मिळून दीड लिटरच्या थोडं वर.

इसबगोलवर थोडं थांबतो, कारण मेसेजने नेमकं तेच बंद करायला सांगितलं आहे. पाणी आतड्यात टिकायला ते धरून ठेवणारं काहीतरी लागतं. इसबगोलचा भुसा पाणी धरून बुळबुळीत फुगतो आणि आतड्याला ते सहजी सोडत नाही. पालेभाजीचा चोथाही काही प्रमाणात हेच करतो, आणि डॉक्टर देतात ती लॅक्टुलोजसारखी औषधंही पाणी आतड्यात रोखूनच मळ मऊ करतात. पण इसबगोल कोरडा तोंडात टाकू नये, तो घशात फुगून अडकू शकतो. भरलेल्या ग्लासात ढवळून लगेच प्यायचा, वर अर्धा ग्लास पाणी, आणि त्यानंतर तासभर आडवं व्हायचं नाही. गिळायला त्रास असेल किंवा आतडं अरुंद झालं असेल तर घेऊच नये. इतर गोळ्यांपासून दोन तासांचं अंतर ठेवा. परिणाम दिसायला दोन-तीन दिवस लागतात, म्हणून दुसऱ्याच दिवशी मात्रा दुप्पट करू नका.

सकाळच्या कोमट पाण्याने अनेकांना शौचाची भावना होते, हे खरं आहे. पोटात काही पडलं की मोठं आतडं आकुंचन पावतं, आणि सकाळी हे जास्त होतं. पण त्याला एक ग्लास किंवा एक कप चहा पुरतो. आजींना मी नाश्त्यानंतर दहा मिनिटं कमोडवर, पायाखाली पाट घेऊन बसायला सांगितलं. तीन आठवड्यांनी दिवसाआड, न कुंथता होऊ लागलं. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, मऊ होत असेल तर ते ठीकच असतं, हेही त्यांना तेव्हाच समजलं.

मळात रक्त, कारण नसताना वजन घटणं, पन्नाशीनंतर अचानक बदललेली सवय, किंवा पोट फुगून वारासुद्धा सरत नाही आणि उलट्या होताहेत, यांतलं काही असेल तर पाणी आणि इसबगोल दोन्ही बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा. शेवटच्या प्रकारात त्याच दिवशी.